टॉवर तीन, मी कंट्रोल

माझं नाव माया. पण सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत मले माया कोणी म्हणत नाही. तेवढा वेळ मी कंट्रोल असते. अकोल्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं धामणदरी रेंजचं ऑफिस आहे. त्याच्या मागच्या बाजूले एक खोली. खोलीत टेबल, टेबलावर वायरलेसचा सेट, एक माईक, एक रजिस्टर, अन भिंतीवर जंगलाचा नकाशा. खिडकीतून मोहाचं एक झाड दिसते. बस, एवढंच. नऊ वर्षं झाली मी त्या झाडाकडे पाहून राहिली.

जंगलात मोबाईल चालत नाही. वर डोंगरात आमचे पाच टॉवर, वनरक्षकायच्या सहा संरक्षण कुट्या, उन्हाळ्यात आग विझवणाऱ्या गँगा, रेंजर मॅडमची गाडी, सगळे एकाच चॅनलवर. एकानं बोललं की सगळ्यायले ऐकू जाते, अन दोघं एकदम बोलले तर कोणाचंच समजत नाही. म्हणून बोलायची सुरुवात ठरलेली आहे. आधी ज्याले बोलवायचं त्याचं नाव, तेही दोनदा. मंग आपलं नाव. मंग 'ओव्हर', म्हणजे आता तू बोल. बोलणं संपलं की 'आऊट'. 'टॉवर तीन, टॉवर तीन, मी कंट्रोल. ओव्हर.' अन नाव म्हणजे आईबापानं ठेवलेलं नाही, कॉलसाइन.

समोरच्याचं नाव आधी कायले? तर तो माणूस कामात असते, कमरेचा सेट दिवसभर खरखरते, तिकडे त्याचं ध्यान नसते. स्वतःचं नाव कानावर पडलं की तो ध्यान देते. अन दोनदा कायले? तर बटन दाबल्याबरोबर आवाज जात नाही बापा. तो आधी चिखलमाळच्या डोंगरावरच्या रिपीटरवर जाते, ते यंत्र त्याले उचलते अन मंग पुढं फेकते. बटन दाबून एक श्वास थांबा लागते. जो घाई करते त्याचा पहिला शब्द डोंगरातच राहते, अन पोचते ते बिनमुंडक्याचं धड. कोणी बोललं, कोणाले बोललं, काहीच पत्ता नाही.

हे मले ट्रेनिंगमध्ये शिकवलं, पण त्याच्या आधीच माझ्या नवऱ्यानं शिकवलं होतं. नागसेन याच खुर्चीवर वीस वर्षं बसला. तो गेला अन त्याच्या जागेवर मले घेतलं. मोठा हेकट माणूस. अकोल्याले जुन्या शहरातल्या आमच्या घरी फोन करायचा तरी आधी म्हणायचा, "माया, मी नागसेन." मी चिडायची. "अहो, पंधरा वर्षं झाली लग्नाले. आवाज ओळखत नाही काय मी तुमचा?" तो म्हणायचा, "ओळखीचा धंदा नाही हा, माया. आवाज सर्दीनं बदलते, पळताना बदलते, भ्यायल्यावर तर बदलतेच. नाव बदलत नाही." मी म्हणायची, ठेवा तुमचं पुराण तिकडे.

आता ते घर बंद आहे. मी इथं क्वार्टरमध्ये राहते. पोरगी दीक्षा अमरावतीले नोकरीवर आहे, पंधरा दिवसांतून एकदा फोन करते अन दर वेळी 'आई, घाईत आहो' म्हणते. पोरीचं चुकते असं नाही. पण खरं सांगायचं तर दिवसभर इतके आवाज माझ्या कानात येतात अन त्यातला एकही माझ्यासाठी नसते. टॉवर एक ठीक, कुटी चार ठीक, बिबट दिसला, पाणवठा आटला. मी लिहून घेते. वेळ, कोणाकडून, कोणाले, मजकूर. रजिस्टरचं पान भरते अन मी घरी जाते.

तीन वर्षांपूर्वी टॉवर तीनवर जानराव आले. साठीच्या घरातला माणूस, नांदगाव खंडेश्वरकडचा. वावर पोराच्या हाती दिलं अन स्वतः फायर वॉचर म्हणून डोंगरावर येऊन बसले. काहून, ते त्यायनं कधी सांगितलं नाही अन मी विचारलं नाही. तिथं वर कोणी नाही. एक लोखंडी टॉवर, खाली एक कुडाची खोली, अन चारही बाजूनं साग. पहिल्या आठवड्यात संध्याकाळी पाच वाजता सेटवर आवाज आला, "मायाबाई, आहा का जी?"

मी माईक उचलला अन झापलं. "आधी कॉलसाइन बोला! कोण स्टेशन आहे?"

"मीच जी. टॉवर तीन. इथी तर दुसरं कोनी नाई, मंग कोन असन?"

मले हसू आलं. खोटं कायले बोलू, हसूही आलं अन आणखी काहीतरी झालं. त्या सेटवर माझं नाव कोणी पहिल्यांदाच घेतलं होतं. मी म्हटलं, "बोला, टॉवर तीन."

"काई नाई. सगळं ठीक. आज इकडं पळस काय फुलला म्हनून सांगू, ओव्हर."

मंग ते रोजचंच झालं. पाच वाजले की "मायाबाई, आहा का जी?" नियमानं मी उत्तर द्यायले नको होतं. 'बिना कॉलसाइन उत्तर नाही' असं नागसेननं स्वतःच्या हातानं लिहिलेलं कार्ड अजून त्या भिंतीवर आहे. मी त्याच्याकडे पाठ करून बसायची. दोन मिनिटांचं तर बोलणं. जेवले का, वारा किती आहे, तुमच्या मोहाले फुलं आली का. पावणेपाच वाजल्यापासून मी घड्याळ पाहायची. वय पंचावन्न, अन घड्याळ पाहून राहिली एका न पाहिलेल्या माणसासाठी! तीन वर्षांत मी जानरावले दोनदा पाहिलं, तेही पगाराच्या सहीपुरतं. समोर आले तर 'नमस्कार जी' म्हणून खाली पाहिलं त्यायनं. मीही सहीचं रजिस्टर पुढं सरकवलं.

पण चॅनल सगळ्यायचा असते, हे मी विसरली. मले वाटत होतं ते 'मायाबाई' माझं अन जानरावचं आहे. इकडे अख्खं जंगल ऐकून राहिलं होतं. आधी कुटी चारचा बंडू कॉलसाइन गाळून बोलू लागला. बंडू आमचा वनरक्षक, पोट्टा चांगला पण आळशी. मी टोकलं तर म्हणे, "ताई, आवाज ओळखता ना तुमी?" ओळखत होती मी. म्हणून तर गर्व होता. खरखरीतून नुसता खोकला ऐकला तरी सांगायची कोण आहे ते. मंग गँगवालेही तसेच सुरू झाले. 'हॅलो' म्हणायचे अन सुरू. मी टोकायची नाही. कोणत्या तोंडानं टोकू? पाच वाजता मीच तर कायदा मोडत होती.

मार्चच्या शेवटी ते झालं. सोमवारी पश्चिमेचा माळ जळला होता, तो आटोक्यात आला. बुधवारी दुपारी साडेबाराले टॉवर तीनवरून जानराव बोलले, "मायाबाई, उत्तरेकून धूर आहे. भल्ला मोठा. वारा आपल्याच अंगावर आहे, ओव्हर." कोणीतरी मोहफुलं वेचायसाठी झाडाखालचा पाला पेटवला असेल. दर साली तेच.

अर्ध्या तासात आग डोंगर चढू लागली. आमच्या रेंजर गीतांजली मॅडम दक्षिणेच्या जाळरेषेवर पोचल्या. जाळरेषा म्हणजे उन्हाळ्याआधी साफ करून ठेवलेला रुंद पट्टा. वारा असा असला की आग झोडपून विझत नाही. मंग त्या रेषेवरून आपणच उलटी आग लावतो. ती समोरच्या आगीकडे जाते, मधला पाला खाऊन टाकते, अन मोठ्या आगीले पुढं यायले काही उरत नाही. फक्त एक गोष्ट. रेषा अन आग यांच्या मध्ये माणूस नसला पाहिजे.

"कंट्रोल, कंट्रोल, मी धामण एक," मॅडम बोलल्या. त्या कधी कॉलसाइन चुकत नाहीत. "आत कुटी चार अन टॉवर तीन आहेत. दोघांना रेषेबाहेर काढा. दोघं बाहेर आल्याचं सांगा, मग पेटवते. ओव्हर."

मी दोघायलेही बोलावलं. बंडू म्हणाला निघतो. जानराव म्हणाले, "बरं मायाबाई, उतरतो." वेळ एक वाजून दहा. टॉवरपासून रेषेपर्यंत चाळीस मिनिटांची पायवाट, मधात अस्वलदरा. त्या दऱ्यात उतरलं की हातातला सेट रिपीटरपर्यंत पोचत नाही, हे आमाले माहीत होतं. म्हणून वीस-पंचवीस मिनिटं तिकडून काही आलं नाही तर कोणी घाबरत नाही.

पण त्या दिवशी चॅनलवर बाजार भरला होता. "पाणी आणा!" "इकडून नको, तिकडून!" "मागं फिरा, मागं फिरा!" "अरे टाकी कुठी आहे?" कोण बोलते, कोणाले बोलते, कोणाचा कोणाले मेळ नाही. मी दोनदा म्हटलं, "स्टेशनचं नाव घेऊन बोला." कोणी ऐकलं नाही. तीन वर्षं मी टोकलं नव्हतं, आता कायले ऐकतील?

एक चाळीसले बंडू बोलला. वाटलं नव्हतं, पण त्या पोट्ट्यानं नीट नाव घेतलं. "कंट्रोल, मी कुटी चार. रेषेबाहेर. ओव्हर." मी लिहिलं.

एक अठ्ठेचाळीसले सेट खरखरला. धुरानं बसलेला घोगरा आवाज, धाप लागलेली. "मायाबाई, उतरलो खाली. रेषेच्या बाहेर आहो."

माझा जीव भांड्यात पडला. चाळीस मिनिटं म्हटली होती, अडतीस झाली. अन मायाबाई म्हणणारा जगात एकच माणूस. मी रजिस्टरमध्ये लिहिलं : १३.४८, टॉवर तीनकडून, कंट्रोलले, रेषेबाहेर. उलटून विचारलं नाही. 'कोण स्टेशन' हे दोन शब्द, त्यायले दोन सेकंद लागतात. मी मॅडमले सांगितलं, "धामण एक, धामण एक, मी कंट्रोल. कुटी चार, टॉवर तीन, दोघं बाहेर. ओव्हर."

"रॉजर. पेटवते."

मी पाणी प्याली. पाच मिनिटांनी वाटलं, गँग दोनचं रजिस्टरमध्ये काही नाही. गँग दोन म्हणजे देवमन अन त्याची पाच माणसं. ती पूर्वेच्या बाजूले आग झोडपत होती अन मॅडमनं स्वतः त्यायले मागं बोलावलं होतं, म्हणून मले विचारायची गरज नव्हती. पण पान अर्धवट राहिलेलं मले आवडत नाही. मी बोलावलं, "गँग दोन, गँग दोन, मी कंट्रोल. तुमचं ठिकाण सांगा. ओव्हर."

देवमनचा आवाज आला, घोगरा, धुरानं बसलेला. "सांगतलं ना जी मघाच! मायाबाई, उतरलो खाली म्हनून. रेषेबाहेर आहो."

मी रजिस्टरमधली १३.४८ ची ओळ पाहिली. मी त्याले विचारलं, "अरे, तू मले मायाबाई काहून म्हटलं?"

"सगळेच म्हनतात ना जी. जानरावभाऊ नाई म्हनत का रोज?"

माय वं! तिथं रडायले वेळ नव्हता. मी बटन दाबलं, अन मले माहीत नाही कसं, पण एक श्वास थांबली. नागसेनची सवय असेल ती, माझी नव्हती. "धामण एक, धामण एक, मी कंट्रोल. आग थांबवा. टॉवर तीन आत आहे. टॉवर तीन बाहेर आल्याची माझी खबर चूक. पुन्हा सांगते, टॉवर तीन आत आहे. ओव्हर."

मंग मॅडम. "कंट्रोल, मी धामण एक. दोनशे मीटर पेटलंय. थांबवलं. पेटलेलं झोडपतोय, पण वारा ओढतोय. टॉवर तीन कुठे आहे? ओव्हर."

मले माहीत असतं तर!

मी नकाशाकडे पाहिलं. उत्तरेकडून खरी आग, दक्षिणेकडून मी लावलेली. हो, मीच. काडी मॅडमच्या हातात होती पण पेटवली मी. मधात अस्वलदरा अन त्यात एक म्हातारा माणूस. पण पश्चिमेले सोमवारचा जळका माळ होता. जे एकदा जळलं ते पुन्हा जळत नाही. तिथं पोचला तर वाचेल.

नागसेन सांगायचा ते आठवलं. दऱ्यातल्या माणसाचा सेट लहान, त्याचा आवाज डोंगरावर चढत नाही. पण रिपीटर मोठा, त्याचा आवाज दऱ्यात उतरते. म्हणजे तो बोलला तर आपल्याले ऐकू येत नाही, पण आपण बोललो तर त्याले ऐकू जाऊ शकते. फक्त त्याले कळलं पाहिजे की हे आपल्यासाठी आहे. अन चॅनलवर तर अजून कालवा होता.

मी आधी तो बंद केला. "सर्व स्टेशन, सर्व स्टेशन, मी कंट्रोल. चॅनल मोकळा करा. मी नाव घेतल्याशिवाय कोणी बटन दाबणार नाही. आऊट." नऊ वर्षांत मी अशा आवाजात बोलली नव्हती. एकदम सगळं चूप झालं.

मंग मी सुरू केलं. "टॉवर तीन, टॉवर तीन, मी कंट्रोल. रेषेकडे येऊ नका. पश्चिमेच्या जळक्या माळावर जा. उत्तर देता आलं नाही तरी चालेल, चालत राहा. ओव्हर." मिनिटभर थांबली. फक्त खरखर. पुन्हा. "टॉवर तीन, टॉवर तीन, मी कंट्रोल." पुन्हा. पुन्हा.

तोंडावर 'जानरावभाऊ' येत होतं. दर वेळी येत होतं. ओरडून म्हणावं वाटत होतं की अहो जानरावभाऊ, या ना बाहेर, माझी चूक झाली, या ना. पण मी तेच म्हणत राहिली, त्याच क्रमानं, त्याच चालीनं. धुरात पळणाऱ्या माणसाले अर्धंच वाक्य ऐकू गेलं तरी त्याचं नाव त्याले ऐकू गेलं पाहिजे होतं. पहिलं 'टॉवर तीन' खरखरीत गेलं तर दुसरं कामी येईल. मी एकवीस वेळा बोलावलं. नंतर रजिस्टर पाहिलं तेव्हा कळलं, प्रत्येकाची वेळ लिहिलेली होती. हात आपोआप लिहीत होता.

बाविसाव्यांदा बटन दाबणार, तेवढ्यात सेट उघडला. बारीक, तुटक, पण साफ.

"कंट्रोल, कंट्रोल, मी टॉवर तीन. माळावर आहो. ओव्हर."

तीन वर्षांत पहिल्यांदा त्या माणसानं कॉलसाइन घेतली. दोनदा कंट्रोल, मंग आपलं नाव, मंग ओव्हर. जसं कार्डावर लिहिलं आहे अगदी तसं. मी टेबलावर डोकं ठेवून रडली. मंग डोळे पुसले, बटन दाबलं, एक श्वास थांबली अन म्हटलं, "टॉवर तीन, मी कंट्रोल. समजलं. तिथंच राहा. गाडी येऊन राहिली. आऊट." वेळ लिहिली : १४.२१.

डावा हात कोपरापर्यंत भाजला होता, अर्धे केस जळले होते. त्यायले अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. रविवारी मी बडनेऱ्याच्या गाडीनं गेली. दीक्षाले फोन केला तर म्हणे, "आई, कोण हे जानराव?" मी म्हटलं, "ऑफिसचे." दुसरं काय सांगू?

पलंगावर ते बसले होते, हात पट्टीत. मी स्टुलावर बसली. सेटवर दोन मिनिटांत किती बोलायचे, अन इथं समोरासमोर दोघांच्याही तोंडाले कुलूप. शेवटी मीच म्हटलं, "तुमी वेळेवर का नाही पोचले?"

"पोचलोच असतो जी. अर्ध्या वाटंवर होतो. सेटवर कोनी ओरडलं, मागं फिरा, मागं फिरा. म्या म्हनलं, मायाबाईनंच कोनाले सांगाले लावलं असन, समोर आग असन. म्हनून फिरलो. वर चढलो तं तिकून आग. पुन्हा उतरलो."

म्हणजे तेही तेच. गँगमधल्या कोणीतरी आपल्या माणसायले ओरडलं होतं, ना नाव ना गाव, अन या माणसानं ते आपल्यासाठी समजलं. मी तर देवमनचं बोलणं जानरावचं समजली. एकाच दुपारी, एकाच खोडीपायी, दोघंही फसलो. अन ती खोड आमीच लावली होती, पाच वाजताची.

"मंग तुमचं ऐकू आलं," ते म्हणाले. "टॉवर तीन, टॉवर तीन. म्या म्हनलं, हे मलेच आहे. दुसऱ्या कोनाले नाई."

मी त्यायले सांगितलं. सगळं सांगितलं. की तुमच्या नावानं बाहेर आल्याचं मी लिहिलं, माझ्या सांगण्यावरून आग लावली. त्यायनं पट्टीची गाठ चाचपली. मंग म्हणाले, "तुमी मले शोधून राहिल्या होत्या, एवढं मले माहीत आहे." मले ते ऐकून बरं वाटलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चौकशी झाली. एक वाजून अठ्ठेचाळीसच्या ओळीत 'टॉवर तीन' लिहिलं होतं. ऑफिसातल्या एकानं कानात सांगितलं की त्याचं 'गँग दोन' करून टाका, कोण पाहते. मी ती ओळ तशीच ठेवली अन खाली लिहिलं, 'कॉलसाइन न विचारता नोंद केली. माया नागसेन.' मेमो आला, तो घेतला. गीतांजली मॅडमनं मले बोलावलं अन एवढंच म्हटलं, "ताई, आता पुढे काय?" मी म्हटलं, "पुढे नियम."

दुसऱ्या दिवसापासून लावला. नाव नाही तर उत्तर नाही. बंडूले दिवसभर ताटकळत ठेवलं, तो आठवड्यात सुधारला. देवमनचा तर असा पाणउतारा केला की तो आता जेवायले बसतानाही कॉलसाइन घेत असेल. मागून मले काय म्हणतात ते माहीत आहे मले. म्हणू द्या.

मेच्या मध्यात जानराव परत आले. पोरानं नको म्हटलं होतं, तरी आले. सकाळी गाडीनं वर गेले, मी खिडकीतून पाहिलं. त्यायनं हात केला. मी केला की नाही, आठवत नाही.

त्या दिवशी पावणेपाचपासून मी घड्याळ पाहत होती. बरोबर पाच वाजता सेट उघडला.

"मायाबाई, आहा का जी?"

दीड महिना झाला होता तो आवाज सेटवर ऐकून. माझा हात माईकवर होता. मी बटन दाबलं नाही.

"मायाबाई?"

समोर भिंतीवर नागसेनचं कार्ड होतं. मी त्याच्याकडे तोंड करून बसली होती. बोल ना माया, एकदाच बोल, असं आतून कोणी म्हणून राहिलं होतं. मी दात आवळून बसली. चॅनलवर सगळं जंगल ऐकत होतं, मी काय करते ते.

लय वेळ काही आलं नाही. मले वाटलं, रागावले. बंद केला सेट. बरोबरच आहे त्यायचं.

मंग सेट पुन्हा उघडला. आधी एक श्वासाची शांतता, जशी पाहिजे तशी.

"कंट्रोल, कंट्रोल, मी टॉवर तीन. ओव्हर."

"टॉवर तीन, मी कंट्रोल. बोला. ओव्हर."

"काई नाई. सगळं ठीक. ओव्हर."

"समजलं. आऊट."

मी रजिस्टरमध्ये लिहिलं : १७.०२, टॉवर तीनकडून, कंट्रोलले, सगळं ठीक. पेन ठेवला. खोलीत कोणी नव्हतं. मी माईक तोंडाजवळ घेतला, बटनावरचं बोट बाजूले केलं अन म्हटलं, "जानरावभाऊ, मी माया. हात कसा आहे?"